बिल साठ हजारांचे, जमा चोपन्न

पुण्यातली एखादी इंटिरिअर डिझायनर पहिल्यांदाच वर्षभराचा हिशेब लिहायला बसते. बँक स्टेटमेंटमध्ये ५४,००० रुपये जमा दिसतात. बिल मात्र ६०,०००चे होते.

ग्राहक कंपनीने १० टक्के टीडीएस कापलेला असतो. म्हणून उत्पन्नाच्या खात्यात पूर्ण ६०,००० लिहायचे आणि कापलेले ६,००० ‘टीडीएस येणे’ या खात्यात. तो खर्च नव्हे, तिच्या नावावर आधीच भरलेला कर आहे. फॉर्म २६एएसमध्ये ती रक्कम दिसत नसेल, तर सरळ कंपनीला फोन लावायचा.

खरी गुंतागुंत नावे बाजूला. किराणा आणि मुलाची फी ‘उचल’ खात्यात जातात. लॅपटॉप मालमत्तेत, खर्चात फक्त त्याचा घसारा. आणि स्वतःच्याच बचत खात्यातून वळवलेले २०,००० घाईत हमखास उत्पन्नात पडतात, मग त्यांच्यावरही कर लागलेला दिसतो!