दुकानाचा माल, रकान्यांत

जून 2017 च्या अखेरीस वूकॉमर्सची 3.1 ही आवृत्ती आली आणि मालाची अख्खी यादी सीएसव्ही फाइलमधून दुकानात चढवायची सोय त्यात आयतीच मिळाली. तोवर त्यासाठी वेगळे प्लगइन विकत घ्यावे लागे, नाहीतर एकेक वस्तू हाताने भरत बसावे लागे. लगोलग 1 जुलैला जीएसटी लागू झाला. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या ज्या दुकानदारांनी नि बचत गटांनी त्या सुमारास ऑनलाइन विक्रीत पाऊल टाकले, त्यांच्या याद्या मी तेव्हापासून लावून देते आहे. डिचोलीच्या पितळी समया आणि मातीची भांडी, पेडण्याची हरमल मिरची, दोन्हीकडचे काजू, घरगुती जॅम, साबण असा तो माल. बहुतेकांकडे बिलबुक होते, पण यादी नव्हती.

पहिल्या काळातला सगळा गोंधळ नावावरून व्हायचा. 'पितळी समई मोठी', 'समई पितळी (मो.)' आणि 'मोठी समई' या दुकानदाराच्या डोळ्यांना एकच वस्तू, संगणकाला तीन. म्हणून पहिले काम प्रत्येक वस्तूला एक कायमचा कोड देण्याचे, म्हणजे `SKU` चा रकाना भरण्याचे. नाव बदलेल, भाव बदलेल, फोटो बदलेल. कोड बदलायचा नाही. त्याची सुरुवात मी अक्षरांनीच करायला लावते. नुसता 007 लिहिला तर एक्सेल त्याचा 7 करते. 2-4 लिहिले तर 2 एप्रिल ही तारीख करून टाकते. काजूच्या 0801 या एचएसएन शीर्षकातले शून्यही असेच गळते. त्यामुळे कोडांचे रकाने काही टाइप करण्याआधीच 'टेक्स्ट' करून ठेवायचे. शून्य गेल्यावर रकाना टेक्स्ट केला तर ते परत येत नाही.

देवनागरीचे दुखणे वेगळे. जुन्या एक्सेलमधून साधी सीएसव्ही साठवली की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटे. एक्सेल 2016 पासून 'सीएसव्ही यूटीएफ-8' हा पर्याय मिळू लागला. ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांची यादी आम्ही गूगल शीट्समध्ये घेऊन तिथूनच उतरवत असू.

खरा कस लागला तो काजूत. काजूची प्रत W180, W240, W320 अशी मोजतात. आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात ते. W320 म्हणजे पौंडाला 300 ते 320 गर, म्हणजे W180 पेक्षा बराच बारीक. प्रत्येक प्रतीची 250 ग्रॅम, 500 ग्रॅम अशी पाकिटे. लोक सुरुवातीला हे सगळे नावाच्याच रकान्यात कोंबायचे: 'काजू W320 पाव किलो 300/-'. मग गिऱ्हाइकाला एकाच पानावर वजन निवडता येत नाही आणि यादी विनाकारण लांबते. नीट मांडणी अशी:

```
Type,SKU,Name,Parent,Regular price,Attribute 1 name,Attribute 1 value(s)
variable,KJ-320,काजू W320,,,वजन,"250 ग्रॅम, 500 ग्रॅम"
variation,KJ-320-250,काजू W320,KJ-320,300,वजन,250 ग्रॅम
variation,KJ-320-500,काजू W320,KJ-320,580,वजन,500 ग्रॅम
```

पहिली ओळ मूळ वस्तूची. तिला भाव नसतो. खालच्या ओळी पाकिटांच्या, आणि `Parent` मध्ये मूळ वस्तूचा कोड. इथली सर्वांत फसवी चूक म्हणजे वरच्या ओळीत '250 ग्रॅम' आणि खाली '250ग्रॅम'. फाइल बिनतक्रार चढते, चुकांच्या अहवालात काही दिसत नाही, पण गिऱ्हाइकाने 250 ग्रॅम निवडले की ते पाकीट सापडत नाही. म्हणून चढवून झाल्यावर अशी एक वस्तू स्वतः टोपलीत टाकून पाहिल्याखेरीज मी काम संपले म्हणत नाही.

बाकीच्या चुका शीटमध्येच पकडता येतात. उजवीकडे तीन जादा रकाने घ्यायचे आणि ही सूत्रे शेवटच्या ओळीपर्यंत ओढायची. वरच्या मांडणीप्रमाणे B मध्ये कोड, D मध्ये मूळ कोड, E मध्ये भाव धरला आहे.

```
=COUNTIF(B:B,B2)>1
=AND(A2<>"variable",NOT(ISNUMBER(E2)))
=AND(A2="variation",COUNTIF(B:B,D2)=0)
```

पहिले सूत्र दुबार कोड दाखवते, दुसरे भाव नसलेली किंवा आकडा नसलेली ओळ, तिसरे आई हरवलेले पाकीट. कुठेही TRUE दिसले की फाइल पुढे न्यायची नाही. दुसऱ्या सूत्रात सर्वाधिक ओळी अडकतात, कारण पिढ्यान् पिढ्या आपण भाव '450/-' असाच लिहीत आलो. बिलावर तो शोभतो; किमतीच्या रकान्यात मात्र केवळ 450 हवे. चढवण्याआधी हे तपासाचे रकाने काढून टाकायचे.

मार्च 2020 च्या टाळेबंदीने पर्यटक थांबले आणि दुकाने घाईघाईने ऑनलाइन आली. तेव्हा अडचण फोटोंची झाली. फोटो यायचे व्हॉट्सअ‍ॅपवरून आणि फाइलींची नावे सगळी `IMG-...-WA0012.jpg` थाटाची. कुठली समई कुठल्या कोडाची, हे सांगायला घरचेच माणूस लागे. काही जण `Images` रकान्यात गूगल ड्राइव्हच्या लिंक घालत. ती लिंक ड्राइव्हचे पान उघडते, थेट फोटो नव्हे, म्हणून आयात तिथे अडते. शिवाय आयात 30-30 ओळींच्या हप्त्यांनी चालते आणि प्रत्येक हप्त्यात फोटो बाहेरून ओढायचे म्हटले की स्वस्त होस्टिंग मध्येच दम टाकते. त्यावर टिकलेला उपाय असा: फोटोला कोडाचेच नाव द्यायचे, `kj-320.jpg`, सगळे आधी मीडिया लायब्ररीत चढवायचे आणि रकान्यात नुसते फाइलचे नाव लिहायचे.

कोडांवर घेतलेली मेहनत किती कामी आली, ते 22 सप्टेंबर 2025 ला दिसले. जीएसटीचा 12 टक्क्यांचा टप्पा त्या दिवशी गेला; जॅम 12 वरून 5 वर आला, अंगाचा साबण 18 वरून 5 वर. काजू आधीपासून 5 वरच होते, त्यांना हात लावायचा नव्हता. दुकानांतले भाव करासह लिहिलेले, म्हणजे कराचा वर्ग आणि भाव दोन्ही बदलणे भाग होते. 224 रुपयांच्या जॅमच्या बाटलीत मूळ किंमत 200. नवा भाव 210. साबणाची वडी 118 वरून 105. शीटमध्ये जॅमसाठी `=ROUND(E2*105/112,0)` आणि साबणासाठी `=ROUND(E2*105/118,0)`. मग ते आकडे 'व्हॅल्यू' म्हणून चिकटवून फाइलमध्ये तीनच रकाने ठेवले: `SKU`, `Tax class`, `Regular price`. आयात करताना 'आधीच्या वस्तू अद्ययावत करा' या चौकटीवर खूण. अशा आयातीत कोड जुळला तर ती वस्तू बदलते, न जुळला तर ओळ सोडून दिली जाते. नवी वस्तू तयार होत नाही. अखेरच्या अहवालात सुटलेल्या ओळी दिसतात, आणि त्या बहुधा कोणीतरी मध्यंतरी हाताने बदललेल्या कोडांच्या निघतात. ज्या दुकानांनी नावावरच काम चालवले होते, त्यांना एकेक वस्तू उघडून भाव बदलावा लागला.

तीनच रकाने का, याला कारण आहे. नावाचा किंवा वर्णनाचा रकाना फाइलमध्ये ठेवून त्यातले खाने रिकामे सोडले, तर दुकानातला जुना मजकूर पुसला जाऊ शकतो. बदलायचे नाही तो रकाना फाइलमध्ये नकोच. आणि या आयातीला 'परत फिरवा' असे बटण नाही. म्हणून प्रत्येक वेळी आधी सगळा कॅटलॉग एक्स्पोर्ट करून फाइलच्या नावात तारीख घालून ठेवायचा, मग पाच ओळींची चाचणी आयात, त्या पाच वस्तू मोबाइलवर उघडून बघायच्या आणि त्यानंतर उरलेली फाइल. चवथीच्या आधी समयांचा आणि मातीच्या भांड्यांचा साठा रोज बदलतो तेव्हाही हेच, फक्त रकाने दोन: `SKU` आणि `Stock`.