ट्रेनिंग हवंय? आधी कोटेशन नीट मागा!

'स्टाफसाठी ट्रेनिंग ठरवायचंय, दोन-तीन ठिकाणांहून कोटेशन मागव,' असं म्हणून बॉस मोकळे होतात. मग तुम्ही पुण्या-नाशिकच्या ट्रेनरना एका ओळीची मेल टाकता, 'कम्युनिकेशन स्किल्सचे रेट कळवा.' तीन उत्तरं येतात आणि तिन्हींचा एकमेकांशी मेळ बसत नाही. एकाचा रेट दिवसाचा, दुसऱ्याचा माणशी, तर तिसऱ्याचे टॅक्स आणि प्रवास वेगळे! आता बॉसना दाखवणार काय?

माणसं किती, कुठे?

समजा, तुमची कंपनी जळगाव एमआयडीसीत आहे आणि ब्रँच धुळ्यात. सेल्सची माणसं जळगावला २४, धुळ्याला १८. नुसतं '४२ जण' लिहिलंत, तर ट्रेनर सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवण्याचा हिशेब धरेल. पण प्रत्येकाला सरावाला पाचच मिनिटं दिली तरी साडेतीन तास त्यातच जातात. म्हणजे उरतं फक्त भाषण! त्यापेक्षा 'दोन बॅच, लागोपाठ दोन दिवस, पहिला जळगावला, दुसरा धुळ्याला' असं लिहा. ट्रेनर एकाच फेरीत दोन्ही उरकेल आणि येण्या-जाण्याचा खर्च एकदाच पडेल.

विषय की प्रसंग?

'कम्युनिकेशन' या शब्दात काहीही मावतं. त्याऐवजी प्रसंग लिहा. थकलेल्या बिलासाठी डीलरला फोन कसा करायचा, भाव कमी करा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं. भाषाही कळवा. दिवसभर अहिराणी-मराठीत धंदा करणाऱ्यांपुढे इंग्रजी स्लाइड्स काय कामाच्या?

बजेट सांगायचं का?

'आकडा सांगितला की कोटेशन तेवढ्याचंच येतं,' ही भीती खरी आहे. म्हणून मर्यादा सांगा, पण प्रत्येक खर्च वेगळा मागा. समजा, मर्यादा ९० हजारांची आहे. ट्रेनर दिवसाला ३५ हजार म्हणाला, म्हणजे दोन दिवसांचे ७० हजार. स्वस्त वाटलं ना? त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की झाले ८२,६००. प्रवास, हॉटेल आणि जळगाव-धुळे गाडीचे १२ हजार मिळवले की ९४,६००. गेलं बजेट!

तर मेल अशी लिहा:

*'सेल्सच्या ४२ जणांसाठी (जळगाव २४, धुळे १८) एकेका दिवसाच्या दोन बॅच. भाषा मराठी. विषय: थकबाकीचा फोन, भावाची बोलणी. जीएसटी, प्रवास, मुक्काम, साहित्य धरून कमाल खर्च ९०,००० रुपये. फी, खर्च व टॅक्स वेगवेगळे दाखवावेत. हॉल, जेवण, प्रोजेक्टर आमच्याकडे. शिकवणार कोण, तारीख बदलल्यास काय आणि कोटेशन कधीपर्यंत लागू, हेही कळवावे.'*

हीच मेल तिघांनाही, शब्दही न बदलता पाठवा. एवढं विचारूनही कोणी 'ऑल इन्क्लुझिव्ह' असा एकच आकडा पाठवला, तर त्याला फोन करून फोड मागा. आणि 'शिकवणार कोण?' याचं उत्तर आलंच नाही, तर डेमोला आलेला माणूस वेगळा आणि धुळ्यात उतरणारा वेगळा असू शकतो, हे समजून घ्या!