एक शून्य जास्त

जुना सोफा विकायचा होता. पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेनं मोबाइलवर जाहिरात टाकली, किंमत लिहिली 8,500 रुपये. पुढं जे घडलं ते एकाच घरातलं नाही. अशा तक्रारींमध्ये पुन्हा पुन्हा दिसणारा क्रम मी इथं एका घरात बसवून सांगतो आहे, कारण फसवणूक नेमकी कुठल्या क्षणी होते ते क्रमानं पाहिल्याशिवाय कळत नाही.

जाहिरात टाकल्यावर तासाभरात फोन आला. समोरचा माणूस हिंदीत बोलत होता, अगदी अदबीनं. आपण सैन्यात आहोत, बदली होऊन पुण्यात येतो आहोत, सोफा पसंत आहे, असं त्यानं सांगितलं. ओळखपत्राचा आणि कँटीन कार्डाचा फोटोही पाठवला. किमतीबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. खरं तर बाईंनी इथंच थांबायला हवं होतं. जुना सोफा न बघता, न घासाघीस करता, पूर्ण किमतीला घेणारा माणूस आपल्याकडं सहसा भेटत नाही. पण त्यांना वाटलं, लष्करातला सज्जन माणूस आहे, भाव काय करणार! त्यानं ‘एनईएफटी करतो’ म्हणून खाते क्रमांक मागितला आणि त्यांनी पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवून दिला.

पाच मिनिटांत मेसेज आला: खात्यात 85,000 रुपये जमा. खात्याचे शेवटचे चार आकडे बरोबर होते, आणि ते बरोबर असणारच होते, कारण पासबुकाचा फोटो त्याच्याच हातात होता. मेसेजपाठोपाठ घाबराघुबरा फोन: “माताजी, बड़ी गलती हो गई. एक ज़ीरो ज़्यादा लग गया. माँ अस्पताल में है, वो पैसा उसी के लिए था.” त्याचं म्हणणं एवढंच होतं की तुमचे 8,500 ठेवा आणि वरचे 76,500 या नंबरवर परत पाठवा.

या ठिकाणी बाईंचं मन कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. कुणी त्यांना लुबाडतं आहे असं त्यांना वाटतच नाही. उलट आपल्याच हातात दुसऱ्याचा पैसा अडकला आहे आणि तो लगेच परत करणं हे आपलं कर्तव्य आहे, असं त्यांना वाटतं. लॉटरीच्या किंवा दामदुपटीच्या फसवणुकीत निदान लोभाचा एक धागा तरी असतो. इथं तो नाही. या डावात माणसाचा प्रामाणिकपणाच वापरला जातो, म्हणून फसलेल्या माणसाला “तुला हाव सुटली होती” असं म्हणणारे नातेवाईक मला फार अन्यायी वाटतात.

बाईंनी मोबाइलवर 76,500 रुपये पाठवायचा प्रयत्न केला. व्यवहार झाला नाही. खात्यात पुरेशी शिल्लक नाही, असं उत्तर पडद्यावर आलं.

सगळी गोष्ट या एका ओळीत आहे. बाईंच्या खात्यात आधीपासून 52,340 रुपये होते. त्यात खरोखर 85,000 जमा झाले असते तर शिल्लक 1,37,340 झाली असती आणि 76,500 सहज गेले असते. बँकेच्या संगणकानं खरं काय ते सांगून टाकलं होतं. पण त्याच वेळी कानाला फोन लागलेला होता आणि त्यातून सांगितलं जात होतं, “सर्वर डाउन है माताजी, थोड़ा-थोड़ा करके भेजिए.” त्यांनी 25,000 पाठवले. गेले. पुन्हा 25,000 पाठवले. तेही गेले. पैसे जात आहेत म्हणजे त्याचं म्हणणं खरं असणार, असा त्यांचा समज झाला. प्रत्यक्षात जात होती त्यांची स्वतःची पेन्शन. उरलेल्या 26,500 साठी त्यांनी नाशिकला मुलाला फोन लावला. मुलगा म्हणाला, “आई, मेसेज राहू दे. बँकेच्या ॲपमध्ये आत्ता शिल्लक किती दिसतेय ते वाच.” ॲपमध्ये 2,340 दिसत होते.

तो मेसेज बँकेचा नव्हताच. एखाद्या साध्या मोबाइलवरून कुणीही टाइप करून पाठवावा तसा तो पाठवलेला होता, फक्त बँकेच्या भाषेत. बँकेचा खरा मेसेज दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून येत नाही. पाठवणाऱ्याच्या जागी इंग्रजी अक्षरं असतात: आधी दोन अक्षरं, मग आडवी रेघ, मग बँकेचं संक्षिप्त नाव. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमानुसार 2025 पासून शेवटी आणखी एक अक्षर येतं. व्यवहाराचा असेल तर T, सेवेचा असेल तर S, जाहिरातीचा असेल तर P आणि सरकारी असेल तर G. हे ओळखता आलं तर चांगलंच, पण सगळी मदार त्यावर ठेवू नये. खरा मेसेज कधी उशिरा येतो, कधी येतच नाही. ‘पेमेंट सक्सेसफुल’ असा हिरवी खूण असलेला फोटोही बनवता येतो, तशी खोटी ॲप मिळतात. पैसे आले की नाही याचा पुरावा एकच, आपण स्वतः उघडलेलं खातं. तिथं व्यवहाराची नोंद दिसली पाहिजे आणि शिल्लक तेवढ्यानं वाढलेली दिसली पाहिजे. यूपीआय ॲपमधून शिल्लक बघतानाही पिन मागतात, त्यामुळं पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर ‘शिल्लक तपासा’ असं आहे की कुणाला रक्कम जाते आहे असं आहे, एवढं वाचून घ्यावं.

यूपीआय येण्याच्या कितीतरी आधीपासून हीच चाल चेकवर खेळली जात आली आहे, आणि अमेरिकेत ती अजूनही जोरात आहे. शिक्षण संपवून घर बदलणाऱ्या आपल्या मुलामुलींना तिचा फटका बसू शकतो. समजा, एखाद्या मराठी विद्यार्थ्यानं टेबल-पलंग 400 डॉलरला विकायला काढला. घेणारा 1,900 डॉलरचा ‘कॅशिअर्स चेक’ पाठवतो, म्हणजे बँकेनंच काढलेला, आपल्याकडच्या डिमांड ड्राफ्टसारखा. सोबत निरोप असतो की वरचे 1,500 सामान हलवणाऱ्याचे आहेत, ते त्याला पाठवून दे. मुलगा सावध असतो. चेक भरतो, वाट बघतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खात्यात रक्कम वापरायला मिळालेली दिसते. मग तो निर्धास्तपणे 1,500 पाठवतो. एक-दोन आठवड्यांनी बँक कळवते की चेक बनावट होता. 1,900 परत वजा होतात आणि सामानवाल्याला गेलेले 1,500 त्याच्या अंगावर पडतात.

इथं मेसेज खोटा नव्हता, शिल्लकही खरोखर वाढलेली दिसली, तरी तो फसला. कारण अमेरिकेच्या 1987 च्या कायद्यानं ग्राहकाचे पैसे बँकेनं उगाच अडवून ठेवू नयेत म्हणून मुदती घालून दिल्या, आणि कॅशिअर्स चेकसारख्या चेकची रक्कम साधारणपणे पुढच्या कामकाजाच्या दिवशी द्यावी लागते. बँक तुम्हाला ते पैसे वापरू देते, पण चेक वटला असं म्हणत नाही. ज्या बँकेच्या नावानं चेक आहे तिनं तो आपला नाही म्हणेपर्यंत दिवस निघून जातात, आणि ठकाला हवे असतात नेमके तेच दिवस.

आपल्याकडं ही फट पुष्कळ बुजली आहे. रिझर्व्ह बँकेनं 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक दिवसभर सतत वटवण्याची पद्धत सुरू केली, त्यामुळं पूर्वी दोन दिवस लागत तिथं आता बहुतेक चेकचा निकाल त्याच दिवशी लागतो. तरी एखादा गिऱ्हाईक तुमच्या खात्यात परस्पर चेक भरून जास्तीची रक्कम मागू लागला, तर एकूण शिल्लक बघू नका, वापरता येणारी शिल्लक बघा. चेक नुसता जमा झाला आहे की वटला आहे, हे शाखेत विचारायलाही लाजू नये.

कधीकधी पैसे खरोखर आलेले असतात. हा प्रकार सगळ्यांत अवघड. कुणा तिसऱ्याच माणसाला फसवून काढलेली रक्कम तुमच्या खात्यात टाकायची आणि “चुकून आली” म्हणत वेगळ्याच खात्यात परत मागायची. तुम्ही भलेपणानं पाठवता आणि चोरीचा पैसा तुमच्या हातून पुढं जातो. मूळ फसलेला माणूस तक्रार करतो तेव्हा पोलिसांना पहिलं दिसतं तुमचं खातं, आणि ते गोठवलं जाऊ शकतं. म्हणून खरा पैसा आला तरी त्यानं दिलेल्या नंबरवर काहीही पाठवायचं नाही. आपल्या बँकेला लेखी कळवायचं की ही अनोळखी रक्कम आली आहे, जिथून आली तिथं परत करा, आणि तोपर्यंत तिला हात लावायचा नाही.

पुण्यातल्या बाईंनी मुलाशी बोलणं संपताच 1930 ला फोन लावला, हे फार बरं केलं. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तक्रार cybercrime.gov.in वरही नोंदवता येते. दोन्ही व्यवहारांचे बारा आकडी संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम आणि बँकेचं नाव एवढं हाताशी असलं की तक्रार पटकन घेतली जाते. ती पैसे गेलेल्या बँकेकडं पोचते आणि तिथं रक्कम शिल्लक असेल तर अडवून धरली जाते. एटीएममधून निघून गेलेली रक्कम अशी अडवता येत नाही. म्हणून इथं तासाचा नाही, मिनिटांचा हिशेब असतो. अडवलेले पैसेही लगेच हातात पडत नाहीत, त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागू शकतो. आणि बँकेकडून भरपाई मिळेलच असं धरता येत नाही, कारण रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्ये दिलेलं संरक्षण ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी होतं. इथं पिन बाईंनी स्वतःच्या हातानं टाकला होता.

असा फोन आला तर भांडायची किंवा समोरच्याला खोटं पाडायची गरज नाही. “तुमच्याकडून चूक झाली असेल तर तुमच्या बँकेत तक्रार करा, माझ्या बँकेनं विचारलं की मी लगेच संमती देईन,” एवढं म्हणून फोन ठेवायचा. ज्याचे पैसे खरोखर चुकून गेले आहेत त्याच्याकडं व्यवहाराचा क्रमांक असतो आणि त्याची बँक त्यावरून तुमच्या बँकेपर्यंत येते. सैन्यातल्या त्या गृहस्थाला मात्र ही वाट धरता येणार नाही, कारण त्याच्या खात्यातून बाईंकडं एक रुपयाही निघालेला नाही.