‘ती’ म्हणजे कोण?

स्पर्धा परीक्षेच्या भाषेच्या पेपरात एक प्रश्न हमखास भेटतो: खालील वाक्यांचा योग्य क्रम लावून परिच्छेद तयार करा. वाक्ये चार असली तर त्यांचे २४ क्रम होतात, पाच असली तर १२०. प्रत्येक क्रम वाचून बघायला कुणालाच वेळ नसतो, म्हणून बरीच मुले कानाला जो क्रम बरा वाटतो तो लिहून पुढे जातात. मराठीपुरते तरी असे अंदाजाने जाण्याचे काहीच कारण नाही. आपल्या भाषेत सर्वनामाला आणि क्रियापदालाही लिंग-वचन असते. त्यामुळे दोन वाक्ये एकमेकांना कुठे चिकटतात याच्या खुणा वाक्यांतच मुबलक सापडतात. त्या कशा वाचायच्या, हे एका उदाहरणावरून पाहू.

अ. तो कशामुळे आला हे पाहण्यासाठी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्यांत आढळले.

ब. त्यामुळे पाण्याबरोबर आलेले क्षार मागेच राहतात आणि उन्हाळ्यात पातळी खाली गेली की क्षारता वाढते.

क. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर अशनीच्या आघाताने पडलेल्या विवरात आहे.

ड. जून २०२० मध्ये ती इतकी वाढली, की सरोवराला गुलाबी रंग चढला.

इ. या विवरातून पाणी बाहेर पडायला वाट नाही; ते वाफ होऊनच उडते.

पहिले वाक्य कोणते, हे शोधत बसण्याआधी कोणती वाक्ये पहिली असू शकत नाहीत ते बघावे. ‘तो’, ‘त्यामुळे’, ‘ती’ आणि ‘या विवरातून’ हे चारही शब्द आधी काहीतरी सांगितले गेले आहे असे गृहीत धरतात. उरते फक्त क. ते कुणाकडेही बोट दाखवत नाही, उलट सरोवराचे नाव आणि जिल्हा सांगून वाचकाची ओळख करून देते. सुरुवात एवढ्यावर ठरते.

आता ड मधली ‘ती’ घेऊ. ती स्त्रीलिंगी, एकवचनी आहे. उरलेल्या वाक्यांत असे शब्द शोधले तर ‘वाट’ सापडते, ‘वाफ’ सापडते, ‘पातळी’ सापडते, ‘क्षारता’ सापडते, शिवाय ‘संस्था’ही आहे. लिंगाने अनेक उमेदवार उभे केले. त्यांतला एक निवडण्याचे काम क्रियापदाचे. ड म्हणते ‘वाढली’. वाट किंवा वाफ वाढण्याचा इथे अर्थ लागत नाही, संस्था वाढून सरोवर गुलाबी होणार नाही आणि पातळी तर खाली गेली असे ब स्वतःच सांगते. राहिली क्षारता. म्हणून ब आणि ड ही जोडी पक्की. बहुतेकांची घसरगुंडी इथेच होते. लिंग जुळले की जोडी लागली असे समजून ते पुढे जातात. लिंग-वचन फक्त यादी देते. त्या यादीतला शब्द सर्वनामाच्या जागी ठेवून वाक्य मोठ्याने वाचल्याशिवाय उत्तर नक्की होत नाही.

हीच कसोटी अ मधल्या ‘तो’ला लावू. क मध्ये ‘आघात’ आहे, तोही पुल्लिंगी. म्हणून क नंतर लगेच अ लावण्याचा मोह होतो: आघात कशामुळे आला हे पाहण्यासाठी नमुने तपासले. व्याकरण कुठेही अडत नाही, पण मराठीत आघात येत नाही, होतो. आणि सूक्ष्मजीव सापडल्याने आघाताचा उलगडाही होत नाही. ‘रंग कशामुळे आला’ असे म्हटले की वाक्याचा पुढचा अर्धा भागही अर्थाला लागतो. म्हणजे ड नंतर अ.

क नंतर इ येणार हे ‘या विवरातून’ सांगते. ‘हा, ही, हे, या’ ही रूपे बहुधा नुकत्याच उच्चारलेल्या गोष्टीला धरून असतात. ‘तो, ती, ते’ त्यामानाने लांबवरच्या गोष्टीकडेही जाऊ शकतात. विवराचा उल्लेख क च्या अखेरीस झाला आणि इ ने तो तिथेच उचलला. ब मधल्या ‘त्यामुळे’ला कारण हवे असते. पाणी वाफ होऊन जाते, हे कारण इ मध्ये आहे. सगळे मिळून क, इ, ब, ड, अ.

या उदाहरणात आणखी दोन शब्द आहेत, ज्यांचा आपण उपयोगच केला नाही: इ मधले ‘ते’ आणि अ मधले ‘तेव्हा’. ते मुद्दामच सोडले. ‘ते’ म्हणजे त्याच वाक्यातले पाणी, ‘तेव्हा’ म्हणजे त्याच वाक्यात नमुने तपासले तेव्हा. दोन्ही खुणा वाक्याच्या बाहेर जात नाहीत. मराठीत हे फार घडते, कारण आपली ‘जो-तो’, ‘जेव्हा-तेव्हा’, ‘जितके-तितके’ अशी जोडवाक्ये. ‘ज्या वर्षी पाऊस उशिरा येतो, त्या वर्षी...’ यातला ‘त्या’ मागच्या वाक्याकडे बघतच नाही. त्याचा जोडीदार चार शब्दांवर बसलेला असतो. म्हणून सर्वनाम दिसले की आधी त्याच वाक्यात त्याचा धनी आहे का ते बघावे. नसेल तरच बाहेर जावे.

जोडशब्दांचेही एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. मराठीत ते नेहमी वाक्याच्या तोंडाशी नसतात. ‘मात्र’ बहुधा पहिल्या एक-दोन शब्दांनंतर येतो: पावसाळ्यात मात्र, मुंबईला मात्र. ‘ही’ आणि ‘तर’ शब्दाला चिकटून किंवा त्याच्या पाठोपाठ येतात. ‘दुसऱ्या दिवशीही’ या शब्दातल्या ‘ही’ने पहिल्या दिवसाचे वाक्य आधी येऊन गेल्याची ग्वाही दिलेली असते. फक्त पहिल्या शब्दावर नजर टाकणाऱ्याला या खुणा दिसत नाहीत. कधी सर्वनाम गाळलेलेच असते आणि खूण क्रियापदाच्या शेवटी असते. ‘संध्याकाळी उशिरा पोहोचली’ या वाक्यात कर्ता नाही, पण आधीच्या वाक्यात गाडी असणार की टांगा, हे ‘पोहोचली’वरून कळते.

‘कारण’ या शब्दाकडे मात्र वेगळे लक्ष द्यायला हवे. घडताना कारण आधी आणि परिणाम नंतर, म्हणून लिहितानाही तसेच असणार असे मनाने घेतलेले असते. आपल्याच उदाहरणात ब मधला ‘त्यामुळे’ काढला आणि इ ची सुरुवात ‘कारण या विवरातून’ अशी केली, तर ती दोन वाक्ये जागा बदलतात: आधी क्षार मागे राहतात, मग का राहतात ते. ‘त्यामुळे’ कारणाच्या मागून येतो. ‘कारण’ परिणामाच्या मागून येतो. घटना तीच असली तरी परिच्छेदातला क्रम उलटतो. म्हणून आधी काय घडले याचा विचार करण्यापेक्षा कोणता जोडशब्द वापरला आहे ते पाहणे जास्त भरवशाचे.

पण खुणांनाही मर्यादा आहे. ड मधल्या ‘ती’च्या जागी ‘लोणारच्या पाण्याची क्षारता’ असे लिहिले, तर ते वाक्य कुणाकडे बोट दाखवणार नाही. मग परिच्छेद ड ने सुरू करता येईल. रंग चढल्याची बातमी, लगेच आघारकरची तपासणी आणि मग मागे जाऊन विवराची हकिकत: ड, अ, क, इ, ब. बातमीदार असेच लिहील. हा क्रमही तितकाच निर्दोष. पर्याय दिलेले असतील तर परीक्षार्थी त्यातून निभावून जाईल, पण कॅटसारख्या परीक्षेत क्रम स्वतः टाइप करायचा असतो, तिथे असा प्रश्न अन्यायाचा ठरतो. प्रश्न काढणाऱ्याने छापायला देण्यापूर्वी प्रत्येक वाक्य पहिल्या जागी ठेवून बघावे. एकाहून अधिक वाक्ये तिथे शोभली, तर त्यांतल्या एकात नाम काढून सर्वनाम घालावे.