नोकरी सोडणाऱ्याला काय विचारावे?

राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याशी तो कंपनी सोडण्यापूर्वी एचआर विभाग जे शेवटचे बोलणे करतो, त्याला एक्झिट इंटरव्ह्यू म्हणतात. बहुतेक ठिकाणी ते एका फॉर्मवर उरकते. ‘सोडण्याचे कारण’ या रकान्यापुढे चांगली संधी, पगार, घरगुती अडचण, पुढील शिक्षण असे चौकोन असतात आणि जाणारा माणूस ‘चांगली संधी’वर खूण करून मोकळा होतो. हे उत्तर खोटे नसते, कारण नवी नोकरी मिळालेली असतेच. पण ती शोधावी असे त्याला का वाटले, हे त्या खुणेतून कळत नाही. कंपनीच्या उपयोगाचे असते ते नेमके तेवढेच.

मोघम उत्तर देण्यामागे साधा व्यवहार आहे. रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र आणि फुल अँड फायनलची रक्कम अजून कंपनीच्या हातात असते. नवी कंपनी चौकशीचा फोन करणार तोही जुन्याच कंपनीला. अशा वेळी साहेबांविषयी खरे बोलून कोण वाईटपणा घेईल? म्हणून मुलाखत घेणारा माणूस त्या कर्मचाऱ्याचा वरिष्ठ नसावा. वेळही शेवटच्या दिवसाची नसावी. त्या दिवशी ओळखपत्र आणि लॅपटॉप जमा करण्याची घाई असते. शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीला, कागदपत्रे तयार आहेत हे सांगून बसलेले बरे. हिशेब पूर्ण झाल्यावर तीन-चार महिन्यांनी फोनवर पुन्हा बोलता आले, तर पहिल्या वेळी गिळलेल्या गोष्टी पुष्कळदा बाहेर येतात.

प्रश्न कोणते, हे ठरवताना थॉमस ली आणि टेरेन्स मिचेल या अमेरिकी संशोधकांनी 1994 मध्ये मांडलेली एक कल्पना कामी येते. माणूस नेहमीच असमाधान साठत साठत नोकरी सोडतो असे नाही. अनेकदा एखादा प्रसंग त्याला थबकून विचार करायला लावतो आणि तिथून शोध सुरू होतो. म्हणजे ‘का सोडता?’ यापेक्षा ‘दुसरीकडे बघावे असे पहिल्यांदा कधी वाटले? त्या सुमारास काय घडले होते?’ हे प्रश्न जास्त देऊन जातात. ‘का’ला माणूस तयार उत्तर देतो, ‘कधी’ला त्याला आठवावे लागते. त्यापुढे ‘ही गोष्ट कोणाला बोलून दाखवली होती का, आणि मग काय झाले?’ आणि ‘काय वेगळे असते तर थांबला असता?’ हे दोन प्रश्न पुरतात. पंचवीस प्रश्नांची यादी घेऊन बसले की पहिली पाच उत्तरे मिळतात आणि उरलेल्या वीस ठिकाणी ‘ठीक होते’ लिहावे लागते.

प्रश्नाच्या बांधणीत दोन चुका फार दिसतात. ‘पगार आणि बढतीबाबत समाधानी होता का?’ हा एक प्रश्न नाही, दोन आहेत; ‘नाही’ म्हटले तर ते कशाला, हे कळत नाही. ‘टीमकडून सहकार्य मिळत होते ना?’ यातला ‘ना’ उत्तर आधीच भरून टाकतो. टिपणे घेताना माणसाचे शब्द तसेच्या तसे उतरवावेत. ‘रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज, उद्या तुमची फर्स्ट’ हे वाक्य ‘शिफ्टबाबत नाराजी’ असे लिहिले, की त्यातली कामाची माहिती तिथेच संपली.

आता हा मेसेज जिथून आला, असा एक काल्पनिक कारखाना घेऊ. समजा, चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून सहा महिन्यांत 26 जण गेले आणि त्यांपैकी 20 जणांशी बोलणे झाले. फॉर्मवर 13 जणांनी चांगली संधी, चौघांनी पगार आणि तिघांनी घरगुती अडचण लिहिली. एवढ्यावरच अहवाल केला असता, तर पगारवाढीचा प्रस्ताव गेला असता.

टिपणे वाचताना समान मुद्द्यांना नावे द्यायची असतात. ही नावे ‘मॅनेजमेंट’ किंवा ‘वर्क कल्चर’ इतकी ऐसपैस असली, तर त्यांत काहीही मावते. ‘शिफ्टबदल आदल्या रात्री कळणे’ असे नाव असेल, तर काय बदलायचे हेही त्यातच दिसते. पहिली पाच-सहा टिपणे दोघांनी स्वतंत्रपणे वाचून नावे जुळवून घ्यावीत. जिथे जुळत नाहीत, तिथे सहसा नावच धूसर असते. मोजायची ती माणसे, उल्लेख नव्हेत. चिडलेला एक माणूस अर्ध्या तासात एकच तक्रार सहा वेळा करतो.

असे मोजल्यावर या कारखान्यात 20 पैकी 11 जणांनी शोधाची सुरुवात ऐन वेळच्या शिफ्टबदलाशी जोडली. त्यांतले 8 मशीन शॉपचे होते, आणि 11 पैकी सहा जण जवळपास तेवढ्याच पगारावर गेले होते. तरीही इथे थांबता येत नाही, कारण ही फक्त गेलेल्यांची बाजू आहे. शिफ्टचे रजिस्टर काढल्यावर दिसले की पेंट शॉपमध्येही शिफ्ट तितक्याच वेळा बदलतात, पण तिथून या कारणाने कोणी गेलेले नाही. तिथले सुपरवायझर बदल दोन दिवस आधी सांगतात. दोष बदलात कमी आणि तो कळवण्याच्या वेळेत जास्त, हे या तुलनेमुळे कळले. नुसत्या मुलाखतींतून ते कळले नसते. मशीन शॉपमध्ये अजून टिकून असलेल्यांशी बोलून ते पक्के करावे लागते.

वरिष्ठांसाठीचा अहवाल दोन पानांचा पुरतो. ‘कर्मचाऱ्यांमध्ये काम आणि घर यांच्या समतोलाबाबत नाराजी आढळते’ या वाक्यावर कोणी काही करू शकत नाही. त्याऐवजी, ‘मुलाखत दिलेल्या 20 पैकी 11 जणांनी आदल्या रात्री कळणारा शिफ्टबदल सांगितला, त्यांतले 8 मशीन शॉपचे, पेंट शॉपमध्ये बदल दोन दिवस आधी कळतो आणि तिथे ही तक्रार नाही’ असे लिहावे. त्याखाली नावाशिवाय एक-दोन मूळ वाक्ये द्यावीत. मग मागणी एकच: शिफ्टबदल 48 तास आधी कळवण्याचा नियम, तो पाळण्याची जबाबदारी कोणाची आणि आढावा कोणत्या तारखेला. ज्या सहा जणांशी बोलणेच झाले नाही, त्यांतले चौघे मशीन शॉपचे असतील तर तेही लिहावे. चित्र आहे त्याहून वाईट असू शकते. एकट्या-दुकट्या माणसाने सांगितलेली गोष्ट मुख्य मुद्द्यांत घालू नये, ती वेगळी ठेवावी.

अहवाल वाचणाऱ्या साहेबांना पहिला मोह होतो तो ‘हे कोण म्हणाले’ ओळखण्याचा. दोघेच गेले असतील अशा विभागाचे नाव छापले, तर ओळखायला वेळ लागत नाही. पाचपेक्षा कमी माणसांचा विभाग वेगळा न दाखवता मोठ्या गटात मिळवावा. मूळ टिपणे एचआरबाहेर जाऊ नयेत.

मात्र ‘हे कोणालाच सांगणार नाही’ असे वचन मुलाखतीत देता येत नाही. एखादी महिला कर्मचारी लैंगिक छळाबद्दल बोलली, तर ते सहामाही अहवालातल्या मुद्द्यांत मोजून चालत नाही. 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे तक्रार कशी करायची, हे तिला तिथेच सांगावे लागते. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे आणि सबळ कारण असल्यास समिती ती आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते. अपघाताचा धोका किंवा पैशांचा गैरव्यवहार समोर आला, तर तोही अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी संबंधितांकडे जातो. गुप्ततेची ही मर्यादा मुलाखतीच्या पहिल्या मिनिटात सांगून ठेवतात, म्हणजे किती बोलायचे ते समोरच्याला ठरवता येते.