शिफारसपत्र मागताना

पुण्यात इंजिनिअरिंग करून तीन वर्षं नोकरी केलेल्या मुलीला अमेरिकेत एमएस करायचं आहे. अर्जाची मुदत 15 डिसेंबर. शिफारसपत्रासाठी कॉलेजमधल्या सरांना मेल ऑक्टोबरअखेर गेलेला बरा, कारण पुढे परीक्षा आणि इतरांचीही पत्रं एकदमच अंगावर येतात.

"सर, ओळखलंत ना?" एवढ्यावर भागत नाही. बॅच, विषय, गुण सांगावेत आणि प्रोजेक्टमधलं स्वतःचं काम नेमकं लिहावं: "पंपाच्या कंपनांचं मोजमाप मी केलं, आकडे जुळेनात म्हणून सेन्सरची जागा बदलली." असा तपशील पत्रात उतरतो. नुसत्या 'कष्टाळू'वरून निवड समितीला काहीच कळत नाही. सोबत सीव्ही आणि विद्यापीठांची मुदतींसह यादी जोडावी.

पत्र अपलोड करायची लिंक सहसा विद्यापीठाकडून थेट सरांना जाते, कधीकधी स्पॅममध्ये. म्हणून 1 डिसेंबरच्या सुमारास "सर, लिंक मिळाली का?" असं विचारून घ्यावं.