दवाखान्याच्या बिलानंतरचा हिशेब

नाशिकमध्ये दुचाकी दुरुस्तीचं छोटं गॅरेज चालवणारा एक चाळिशीतला माणूस, घरी ब्लाउज शिवणं आणि फॉल-पिकोची कामं करणारी पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुलं, असं एक चौकोनी कुटुंब डोळ्यांसमोर आणावं. हे कुटुंब प्रातिनिधिक आहे. पुढचे आकडेही हिशेब नीट समजावा म्हणून घेतलेले आहेत, पण अशी घरं गावोगावी सापडतात. गॅरेजमधून महिन्याला साधारण ३२,००० रुपये सुटतात, शिवणकामाचे ८,००० येतात. बचत खात्यात ८५,००० आणि मुदत ठेवीत १ लाख रुपये आहेत. घर भाड्याचं आहे, पण डोक्यावर मोठं कर्ज नाही. आरोग्य विमा घेतलेला नाही.

एके दिवशी पहाटे गॅरेजमालकाच्या छातीत कळ येते. जवळच्या खासगी रुग्णालयात नेल्यावर हृदयविकाराचा झटका असल्याचं निदान होतं, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी होते. जीव वाचतो. चौथ्या दिवशी हाती आलेलं अंतिम बिल ३ लाख १० हजारांचं असतं.

हे पैसे कुठून उभे राहिले, त्या क्रमातच पुढच्या अडचणींचं मूळ आहे. दाखल करताना रुग्णालयाने डिपॉझिट मागितलं. बचत खात्यात पैसे होते, पण खातं एकट्या नवऱ्याच्या नावावर होतं आणि मोबाईलवरच्या यूपीआयचा पिन फक्त त्यालाच ठाऊक होता. तो अतिदक्षता विभागात. त्यामुळे पत्नीने आपल्या पाटल्या आणि गंठण गहाण ठेवून दरसाल १२ टक्क्यांनी ७५,००० रुपयांचं सोनेतारण कर्ज काढलं. स्वतःच्या सहीने तासाभरात मिळू शकेल असा तेवढाच पैसा तिच्याकडे होता. घरी सोडताना बचत खातं रिकामं झालं, मुदत ठेव मोडली आणि उरलेले ५०,००० क्रेडिट कार्डावर टाकले गेले. पुढचे दोन महिने गॅरेज बंद होतं. त्या काळात घर चालवायला एका नातेवाइकाकडून ४०,००० रुपये हातउसने घ्यावे लागले. म्हणजे शिल्लक शून्य आणि देणं १ लाख ६५ हजार.

वहीतला पहिला महिना

गॅरेज पुन्हा उघडल्यावर पत्नीने मुलांच्या जुन्या वहीत रोजचा खर्च लिहायला सुरुवात केली. महिनाअखेरीस चित्र असं दिसलं: भाडं ८,०००, किराणा आणि दूध ९,५००, वीज-गॅस-मोबाईल ३,२००, शाळा आणि शिकवणी ४,५००, पेट्रोल २,५००, औषधं २,२००, टीव्हीचा हप्ता २,६००, भिशी २,००० आणि किरकोळ ४,०००. एकूण ३८,५००. चाळीस हजारांच्या मिळकतीत हाती राहत होते जेमतेम दीड हजार.

या वहीतून आणखी एक गोष्ट उघड झाली. गॅरेजच्या गल्ल्यातून घरखर्चाला पैसे जात होते आणि घरच्या पैशातून सुटे भाग येत होते. त्यामुळे धंदा नेमका किती देतो आणि गिऱ्हाइकांकडे उधारी किती अडकली आहे, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. उधारीची यादी केल्यावर ती १८,००० रुपयांची निघाली. मग गॅरेजचं खातं वेगळं केलं आणि महिन्याच्या एक तारखेला त्यातून घरच्या खात्यात ३२,००० रुपये ‘पगार’ म्हणून वळवायचं ठरलं. घरचं खातं पती-पत्नीच्या संयुक्त नावाने, दोघांपैकी कुणाच्याही सहीवर चालेल असं करून घेतलं. पुन्हा तशी वेळ आली तर घरचे पैसे अडकून पडू नयेत, यासाठीची ही सगळ्यात स्वस्त तरतूद आहे.

किरकोळ खर्च निम्म्यावर आणल्याने २,००० वाचले. आधीचे दीड हजार धरून कर्जफेडीला दरमहा ३,५०० रुपये मिळू लागले. किराणा थोडा थोडा आणण्याऐवजी महिन्याचा एकदम भरल्याने आणखी ७५० रुपये सुटले आणि त्यातून सोनेतारणाचं महिन्याचं व्याज भागलं.

कोणतं कर्ज आधी?

मन नातेवाइकाचे पैसे आधी परत करायला सांगतं, कारण तिथे नात्याचा संकोच असतो. हिशेब मात्र वेगळं सांगतो. हातउसन्यावर व्याज नव्हतं, सोनेतारणावर वर्षाला १२ टक्के होतं आणि क्रेडिट कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. शिवाय कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. ५०,००० रुपयांवर महिन्याचं व्याज १,७५० आणि जीएसटी ३१५, असे २,०६५ रुपये होतात. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून साधारण २,५०० रुपये छापलेले असतात. तेवढेच भरले तर मूळ कर्जातून जेमतेम ४३५ रुपये कमी होतात. हप्ता नियमित जातो म्हणून घराला वाटतं की कर्ज फिटतंय, आणि आकडा तर जागचा हलत नाही. एकाच कार्डाचं बिल सलग तीन महिने जवळपास सारखं दिसत असेल, तर हेच घडत असल्याचं समजावं.

म्हणून नातेवाइकाला स्पष्ट सांगून मुदत मागून घेतली आणि कार्डावरची नवी खरेदी बंद केली. पहिल्या महिन्यात नेहमीच्या ३,५०० रुपयांत वसूल झालेली १२,००० ची उधारी घालून कार्डाचं देणं ३६,५६५ वर आणलं. दुसऱ्या महिन्यात उरलेली ६,००० ची उधारी आली आणि बारा जणांच्या भिशीत या घराचा नंबर लागून २४,००० रुपये मिळाले. एरवी त्यातून फ्रिज आला असता, आता सगळी रक्कम कार्डात गेली आणि देणं साडेचार हजारांवर आलं. चौथ्या महिन्यात कार्ड पूर्ण फिटलं.

विमा आणि राखीव रक्कम

पाचव्या महिन्यापासून मोकळ्या झालेल्या ३,५०० रुपयांतून पहिला वाटा विम्याला दिला. पत्नी आणि मुलांसाठी ५ लाखांची कौटुंबिक पॉलिसी घेतली, हप्ता महिन्याला सुमारे १,२०० रुपये. कर्ज फिटेपर्यंत विमा लांबवणं धोक्याचं ठरतं, कारण पॉलिसी घेतल्यापासून अपघात वगळता इतर आजारांसाठी साधारण पहिले ३० दिवस संरक्षण नसतं. आधीपासून असलेल्या आजारासाठीची प्रतीक्षा तर कमाल तीन वर्षांची असू शकते. ही मुदत पॉलिसी सुरू झाल्यापासूनच मोजली जाते. हृदयविकार झालेल्या माणसाला विमा कंपनी नकार देऊ शकते किंवा जादा हप्ता मागते. अशा वेळी आजार लपवून पॉलिसी घेतली, तर नेमक्या गरजेच्या वेळी दावा फेटाळला जातो. म्हणून गॅरेजमालकासाठी अर्जात सगळं खरं लिहून वेगळा प्रयत्न सुरू ठेवला.

पॉलिसी घेताना खोलीभाड्याची मर्यादा वाचणं महत्त्वाचं. समजा मर्यादा दिवसाला ५,००० ची आहे आणि रुग्ण १०,००० च्या खोलीत राहिला. कंपनी फक्त भाड्यातला फरक कापून थांबत नाही. अशी अट असलेल्या पॉलिसीत डॉक्टरांची फी, शस्त्रक्रिया कक्षाचा आकार असे खोलीशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे इथे निम्मे, मंजूर होतात. हे खर्च ८०,००० असतील तर ४०,००० खिशातून जातात.

विमा रुग्णालयाचं बिल भरतो, बुडालेली रोजी भरत नाही. राखीव रक्कम लागते ती मुख्यतः त्यासाठी. या घराचा अत्यावश्यक खर्च हप्ता धरून महिन्याला ३०,००० च्या आसपास आहे, म्हणून तीन महिन्यांचे ९०,००० हे उद्दिष्ट ठरलं. टीव्हीचा हप्ता संपला तेव्हा ती रक्कम खर्चात विरघळू न देता बचतीकडे वळवली आणि आठव्या महिन्याअखेर सुमारे १४,००० रुपये जमले. मग भिशीही संपली आणि नव्या भिशीत नाव घातलं नाही. विम्याचा हप्ता सोडून दरमहा ६,९०० रुपये मिळू लागले. त्यातले ४,००० नातेवाइकाला आणि २,९०० सोनेतारणाच्या मुद्दलात जाऊ लागले. दीड वर्षात हातउसने फिटले, त्यानंतर सगळी रक्कम सोनेतारणात गेली आणि दोन वर्षांनंतर दागिने सुटून घरी आले. राखीव रक्कम ९०,००० वर जायला आणखी जवळपास वर्ष लागतं. चार दिवसांच्या आजारपणाने बिघडलेला हिशेब पूर्ववत व्हायला अशी तीन वर्षं जातात.

ही रक्कम ठेवायची जागाही विचार करून निवडली. महिन्याभराचा खर्च संयुक्त बचत खात्यात आणि बाकीच्या २०-२० हजारांच्या तीन वेगळ्या मुदत ठेवी. गरज पडली तर एकच मोडावी लागते, बाकीच्यांचं व्याज शाबूत राहतं. ठेवी बँकेत ठेवल्या, कारण बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थांमधल्या ठेवींना ते लागू नाही.

न विचारलेला प्रश्न

त्या पहाटे एक प्रश्न कुणीच विचारला नव्हता: हे रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का? राज्य शासनाच्या या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मोफत मिळतात. पूर्वी ती पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांपुरती होती, आता पांढऱ्या शिधापत्रिकेवरही लाभ मिळतो. हृदयाच्या अनेक उपचारांचा तिच्यात समावेश आहे. योजना फक्त अंगीकृत रुग्णालयांतच चालते. तिथे आरोग्यमित्र नेमलेला असतो आणि त्याला शिधापत्रिका व ओळखपत्र दाखवावं लागतं. आणीबाणीत फोनवरूनही मंजुरी मिळू शकते. मात्र यादीबाहेरच्या रुग्णालयात भरलेलं बिल नंतर या योजनेतून परत मिळत नाही. म्हणून जवळचं अंगीकृत रुग्णालय कोणतं, हे १५५३८८ या मदत क्रमांकावर आधीच विचारून ठेवावं लागतं.

या कुटुंबाने ते नाव, विमा पॉलिसीचा क्रमांक, शिधापत्रिकेची प्रत आणि बँक खात्यांची यादी एका फाइलमध्ये ठेवली आहे. फाइल कुठे आहे हे पती-पत्नी आणि मोठ्या मुलाला माहीत आहे. राखीव रक्कम पूर्ण झाल्यावर मोकळे होणारे ६,९०० रुपये मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला पडतील. मात्र राखीव रकमेतून कधी पैसे काढले, तर आधी ती भरून काढायची आणि मगच पुढची बचत करायची, असा घराचा नियम आहे.